सिंगल फेज मोटरच्या तीन वायरींतली कॉमन कोणती?

प्रश्न: विहिरीवरच्या सिंगल फेज मोटरच्या तिन्ही वायरींचे रंग उडालेत. मेन, स्टार्टिंग आणि कॉमन मल्टिमीटरने कसे ओळखायचे?

ज्या दोन वायरींत सर्वांत जास्त ओहम दिसतील, त्या सोडून उरलेली तिसरी कॉमन. आधी सप्लाय बंद करा, कपॅसिटर डिस्चार्ज करून सोडवा, मीटर २०० ओहमवर ठेवा. समजा खुणेसाठी वायरींना लाल, काळी, पिवळी टेप लावली आणि लाल-काळी १३, काळी-पिवळी ९, लाल-पिवळी ४ आले, तर पिवळी कॉमन. कॉमनपासून कमी दाखवणारी लाल मेन, जास्त दाखवणारी काळी स्टार्टिंग. मेनची तार जाड असते, म्हणून तिचा रेझिस्टन्स कमी. ४ आणि ९ ची बेरीज १३ जुळली की मोजणी बरोबर. रंगावर नाही, याच बेरजेवर भरवसा ठेवा. मात्र वॉशिंग मशीनसारख्या उलटसुलट फिरणाऱ्या मोटरीत दोन्ही वाइंडिंग बहुधा सारखीच असतात. तिथे फक्त कॉमन सापडते.