सोयराबाईंचा ‘विटाळ’ नेमका कोणता?

प्रश्न: ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ या सोयराबाईंच्या अभंगात ‘विटाळ’ म्हणजे जातीचा विटाळ की मासिक पाळीचा? दोन्ही अर्थ ऐकले आहेत.

दोन्ही, आणि अभंगाची सगळी ताकद त्यातच आहे.

आधी शब्द पाहू. 12व्या शतकात जैन पंडित हेमचंद्राने अपभ्रंश भाषेचं व्याकरण लिहिताना ‘विट्टाल’ हा शब्द नोंदवला आणि अर्थ दिला ‘अस्पृश्यसंसर्ग’. म्हणजे शिवाशिवीचा अर्थ या शब्दात फार जुना आहे. शास्त्रग्रंथ ‘अशौच’ म्हणत राहिले. ‘विटाळ’ मात्र घरात, पाणवठ्यावर बोलला जाणारा शब्द. मराठीत बाईची पाळी, बाळंतपण, मृत्यू आणि ‘खालच्या’ जातीचा स्पर्श या सगळ्यांना तोच पुरला.

आता पहिली ओळ मोठ्याने म्हणून पाहा:

देहासी विटाळ म्हणती सकळ ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥

सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या या ओळीत पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं, त्यामुळे ‘विटाळ’ची गाठ थेट ‘निर्मळ’शी पडते. शेवटच्या चार अक्षरांतले ‘शुद्ध बुद्ध’ हे वेदान्ताचे शब्द. पंडितांचे शब्द आणि पाणवठ्यावरची बोली एकाच ओळीत आली.

इथवर अर्थ जातीचा घेतला तरी चालतो. पुढे मात्र ती विचारते, ‘विटाळावांचोनि उत्पत्तीचें स्थान’ आहे कुठे, विटाळाशिवाय जन्मलेला देह जगात कोणता? इथे पाळीचा अर्थ घेतल्याशिवाय ओळ लागतच नाही. ज्या रक्ताला विटाळ म्हणता त्यातूनच सोवळं पाळणाराही आला. मग ‘सोवळा तो झाला कवण धर्म’? एका शब्दाचे दोन अर्थ समाजानेच एकत्र बांधले होते; तिने त्या गाठीलाच हात घातला. संस्कृतात रजस्वला आणि अंत्यज हे वेगळे शब्द असल्याने हा युक्तिवाद असा एका शब्दावर उभा राहिला नसता.

सोयराबाईंचे पती संत चोखोबा यांचा ‘वेदासी विटाळ शास्त्रासी विटाळ’ हा अभंग याच शब्दावर बेतलेला, पण त्याची चाल निराळी. ते विटाळ वर-वर चढवत ब्रह्मा, विष्णू, शंकरापर्यंत नेतात. मला सोयराबाईंचा अभंग अधिक धारदार वाटतो, कारण ती देह सोडतच नाही.

एक मात्र खरं: विटाळ ही गोष्टच खोटी, असं ती म्हणत नाही. तो सगळ्यांच्याच देहात वसतो, एवढंच म्हणते. शेवटी सही करते ‘महारी चोखियाची’, जात न लपवता. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. त्यांच्या जातीच्या माणसांना आत जायला 1947 साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर.