घरातल्या सुया, जुन्या गोळ्या आणि उरलेलं सिरप कुठे टाकायचं?

प्रश्न: डिचोलीजवळच्या गावात राहतो. बाबांच्या इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया एका पिशवीत साठल्यात. शिवाय मुदत संपलेल्या गोळ्या, अर्धी राहिलेली खोकल्याची बाटली, मुलीच्या अँटिबायोटिकचं सिरप आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या ट्रामाडॉलच्या गोळ्या आहेत. फार्मसीवाला परत घेत नाही. संडासात ओतून टाकू की परसात पाचोळ्याबरोबर जाळू?

उत्तर:

दोन्ही नको. तुमच्या यादीत फक्त ट्रामाडॉलला एक अपवाद आहे, त्याचं शेवटी सांगते. मी नर्स म्हणून वॉर्डात आणि घरोघरी काम केलंय, म्हणून सुरुवात सुयांपासून करते. त्या आजच आवरायला हव्यात, बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल.

पिशवीत हात घालू नका आणि ती वरून दाबूही नका. हातमोजे घातले तरी सुई त्यातून आरपार जाते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, पिशवी कात्रीने बाजूने उघडा आणि एकेक सुई स्वयंपाकघरातल्या लांब चिमट्याने उचला. तो चिमटा नंतर याच कामाला ठेवा. सुया टाकायला लिक्विड डिटर्जंटचा किंवा फिनाईलचा जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा रिकामा कॅन घ्या. तो जमिनीवर उभा ठेवा, दुसऱ्या हाताने धरू नका, कारण बहुतेक वेळा टोचतं ते धरलेल्या हातालाच. पाण्याची बाटली वापरू नका. तिचं प्लास्टिक पातळ असतं, दाबली की सुई बाहेर येते, आणि भंगारवाला ती नेमकी उचलून नेतो.

बाबा सिरिंज वापरत असतील तर तिची सुई काढायला जाऊ नका. इन्सुलिनच्या बहुतेक सिरिंजना ती पक्की बसवलेली असते, तेव्हा अख्खी सिरिंजच कॅनमध्ये टाका. पेन असेल तर सुईचं बाहेरचं मोठं टोपण टेबलावर ठेवा, एका हाताने पेन त्यात खुपसा, फिरवून सुई सोडवा आणि टाका. आतलं छोटं टोपण परत लावायच्या फंदात पडू नका. सुई वाकवायची नाही, कापायची नाही, कॅनमध्ये ब्लीचही ओतायचं नाही. कॅन तीन चतुर्थांश भरला की झाकण घट्ट करा, वर चिकटपट्टी गुंडाळा आणि मार्करने मोठ्या अक्षरात ‘वापरलेल्या सुया, उघडू नये’ असं लिहा.

हे लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण पिशवी गेटवर ठेवून मोकळे होतो, पण पुढे कोणीतरी बाई किंवा बुवा ती हाताने वेगळी करतो. कावीळ ब चा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. ज्याला सुई टोचते त्याला ती कोणाची होती हेही कळत नाही. आवरताना तुम्हालाच टोचली तर पिळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता हा कॅन द्यायचा कुठे? बाबांची साखर जिथे तपासता त्या दवाखान्याला, लॅबला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी फोन करा. त्यांचा जैववैद्यकीय कचरा नियमाप्रमाणे वेगळा उचलला जातो आणि गोव्यात त्यासाठी कुंडईला सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. घरचा कॅन घ्याच, असं आपण त्यांना बजावू शकत नाही, म्हणून नीट विचारायचं. बंद आणि लेबल लावलेला कॅन पाहिला की माणसं सहसा तयार होतात, सुट्या पिशवीला नाही म्हणतात. तिथे जमलं नाही तर पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या कचरा उचलणाऱ्याच्या हातात वेगळा द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा. 2016 च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं आणि वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या, ओल्या-सुक्यात नाही. तेव्हा वेगळं घ्या असं पंचायतीला सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

गोळ्या आणि सिरप संडासात का नको, तेही सांगते. आपल्या गावात संडासाचं पाणी सेप्टिक टँकमधून सोक पिटात जातं, तिथून जांभ्या दगडातून झिरपतं, आणि आवारात विहीर असते, आपली नाहीतर शेजाऱ्याची. सेप्टिक टँकमध्ये गाळ बसतो, विरघळलेलं औषध बसत नाही. पावसात भूजल वर आलं की अंतर आणखी कमी होतं. अँटिबायोटिक अशा पाण्यात गेलं तर त्याला दाद न देणारे जंतूच टिकून वाढायला वाव मिळतो.

जाळण्याचं म्हणाल, तर औषधं जाळायच्या भट्टीत दुसऱ्या कप्प्याचं तापमान 1050 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. परसातली पाचोळ्याची आग त्याच्या जवळपासही जात नाही. गोळ्या अर्धवट जळतात आणि पट्टीच्या प्लास्टिकचा विषारी धूर घरातच येतो. बाबांचा दम्याचा पंप असेल तर तो आगीत फुटतो.

म्हणून असं करा. दवाखाना कॅन घेत असेल तर गोळ्यांचंही तिथेच विचारा. नाही म्हणाले तर गोळ्या पट्टीतून काढा, कुटू नका, कुटताना भुकटी श्वासात जाते. जाड पिशवीत ओली माती किंवा वापरलेली चहापत्ती घ्या, त्यात गोळ्या मिसळा, म्हणजे कोणी त्या परत काढून घेणार नाही. खोकल्याचं औषध आणि अँटिबायोटिकचं सिरप लाकडाच्या भुशावर किंवा फाडलेल्या वर्तमानपत्रावर ओता. बाटलीत चमचाभर पाणी घालून हलवा आणि तेही त्याच भुशावर ओता. सगळं शोषलं गेलं, पिशवी उलटी केली तरी थेंब पडत नाही, म्हणजे झालं. पिशव्या बांधा, ‘मुदत संपलेली औषधं’ लिहा आणि घातक कचऱ्यात वेगळ्या द्या. रिकामी बाटली लेबल फाडून सुक्या कचऱ्यात जाते. रिकाम्या पट्ट्या कात्रीने आडव्या कापा, अख्खी पट्टी पुन्हा भरून विकता येते. पाण्यात कालवलेलं अँटिबायोटिक पुढच्या तापाला ठेवू नका, बरीचशी सात ते चौदा दिवसांतच निकामी होतात.

घरात कोणाला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा कॅन्सरच्या गोळ्या असतील तर त्या मातीत मिसळू नका, उघड्या हाताने धरूही नका. मूळ पाकिटातच, ज्या हॉस्पिटलने दिल्या तिथे परत न्या.

राहिलं ट्रामाडॉल. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये 17 औषधांची यादी दिली, जी घरात पडून राहिली तर एखाद्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून परत करण्याची सोय नसेल तर संडासात सोडावीत. त्यात ट्रामाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल, डायझेपाम आहेत. सोक पिटाचा विचार करून मी आधी ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलला विचारेन. पण तुमच्याकडे लहान मुलगी आहे. त्यांनी नाही म्हटलं तर गोळ्या कपाटात ठेवून वाट पाहू नका, सोडून द्या. आठ-दहा गोळ्यांनी विहिरीला होणारा धोका मुलीच्या हाती पट्टी लागण्याच्या धोक्यापुढे फारच लहान आहे. हॉस्पिटलचं उत्तर येईपर्यंत त्या कुलपात ठेवा, आणि किती आहेत ते मोजून ठेवा.