त्रुटीपत्र लिहिताना

तुझा मसुदा वाचला. ‘कागदपत्रे अपूर्ण आहेत, पूर्तता करावी’ एवढ्यावर कंत्राटदार काय आणून देणार? तोच गठ्ठा पुन्हा!

तुझ्या संरक्षक भिंतीचंच बघ. काँक्रीट ४५ घनमीटर. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने लागतात, आणि एका नमुन्यातून चाचणीसाठी तीन ठोकळे भरतात, तेच क्यूब. म्हणजे २८ दिवसांचे बारा निकाल हवेत. त्याने सहाच जोडलेत. शिवाय एका अहवालात ओतल्याची तारीख ३ मार्च, चाचणीची २२ मार्च. हे एकोणीसच दिवस झाले, वर मात्र ‘२८ दिवस’ छापलंय. पत्रात अहवाल क्रमांक आणि या दोन्ही तारखा लिही.

आता खरी मेख. ‘उर्वरित अहवाल सादर करावेत’ असं लिहू नकोस. क्यूब तेव्हा भरलेच नसतील तर आज खरा अहवाल येणार कुठून? आठवड्याभरात खोटा येईल, आणि तो आपणच मागितलेला असेल. त्याऐवजी क्यूब नोंदवहीची मूळ प्रत माग. नोंद नसेल तर उपअभियंत्यांना विचारून, भिंतीतूनच नमुना कापून घेतात त्या कोअर चाचणीचं लिही: किमान तीन कोअर, सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के, एकही ७५ च्या खाली नको.

गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या पावत्या राहिल्यात, त्या मात्र सरळ माग. तो कागद मागाहूनही मिळतो.