इफ्यूजनची गणितं: वेळ दिलीय की दर, ते आधी बघ

तुझं उत्तर चुकलं ते सूत्रामुळे नाही, वेळेलाच दर धरल्यामुळे. गणितात अनोळखी वायूचं मोलर वस्तुमान M विचारलंय: दोन वायू एकाच बारीक छिद्रातून, सारख्याच दाबाला आणि तापमानाला बाहेर पडतायत. ठरावीक आकारमान जायला ऑक्सिजनला 85 सेकंद लागले, अनोळखी वायूला 100. म्हणजे अनोळखी वायू हळू, म्हणून जड. दर √M च्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे वेळ √M च्या सम प्रमाणात. मग M = 32 × (100/85)², साधारण 44. कार्बन डायऑक्साइड असू शकतो. तू गुणोत्तर उलटं घेतलंस आणि 23 आलं, म्हणजे ऑक्सिजनपेक्षा हलका! तिथेच शंका यायला हवी होती.

आता आरएमएस वेगाने पडताळून बघ: v = √(3RT/M). 300 केल्विनला ऑक्सिजनचा वेग सुमारे 484 मीटर प्रति सेकंद येतो, कार्बन डायऑक्साइडचा 412. गुणोत्तर 1.17, वेळेचं गुणोत्तर 1.18. जमलं. M मात्र किलोग्रॅममध्ये घाल, 0.032. मीही सुरुवातीला 32 घालून 15 मीटर प्रति सेकंद काढलाय. सायकलसुद्धा उतारावर तेवढी पळते.

खरं तर छिद्रातून जाण्याचा दर सरासरी वेगावर ठरतो, आरएमएसवर नाही. पण तापमान एकच असेल तर दोन्हींचं गुणोत्तर सारखंच येतं. दाब वेगवेगळे असतील तेव्हा नुसतं √M पुरत नाही, दाबांच्या गुणोत्तरानेही गुणावं लागतं.