गणपतीनंतरची केसगळती आणि आषाढातला ताप

“दरवर्षी गणपती बसले की माझे केस गळायला लागतात आणि दिवाळीपर्यंत थांबतात. सासूबाई म्हणतात, ऋतूचं आहे, होतं तसं. पण यंदा न्हाणीघराची जाळीच तुंबते. हे नॉर्मल आहे का?”

लातूर जिल्ह्यातल्या एका गावाहून आलेल्या, एकतीस वर्षांच्या या शिक्षिकेला मी सांगितले की सासूबाई चूक नाहीत, पण त्यांचे उत्तर मागच्या वर्षांना लागू पडते. यंदाचे वेगळे तपासावे लागेल.

डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि नंतर गळून त्याच्या जागी नवा येतो. त्यामुळे दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणे हा नेहमीचा हिशेब आहे. झुरिकमध्ये 800 हून अधिक निरोगी स्त्रियांच्या केसांची सलग काही वर्षे पाहणी झाली, तेव्हा विश्रांतीतल्या केसांचे प्रमाण जुलैमध्ये सर्वाधिक आढळले. असे केस पुढच्या काही आठवड्यांत गळतात, म्हणून तिकडे उन्हाळा सरताना आणि शरदाच्या तोंडावर गळती वाढलेली दिसते. आपल्याकडचे कडक ऊन मात्र एप्रिल-मेमधले असल्यामुळे तिथले महिने मराठवाड्याला जसेच्या तसे लावू नयेत, असे माझे मत आहे. ऋतूची गळती ओळखायची ती तिच्या चालीवरून: ती हळूहळू वाढते, सगळ्या डोक्यावर सारखी असते, भांग रुंद करत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरते.

या ताईंना मी मोजणी करायला सांगितली. एकट्या न्हाण्याच्या दिवसाचा आकडा फसवा असतो, कारण मधल्या दिवसांत सुटलेले आणि वेणीत अडकून राहिलेले केस त्या दिवशी एकदम हाती येतात. त्या चौथ्या दिवशी न्हातात, म्हणून मधले तीन दिवस कंगव्यात व उशीवर आलेले आणि चौथ्या दिवशी न्हाताना गेलेले केस असे सगळे मिळून मोजायचे आणि चाराने भागायचे ठरले. तीन दिवसांचे 70, 65 आणि 75, न्हाण्याच्या दिवशी 410. एकूण 620, म्हणजे दिवसाला 155.

त्यांचा सगळा संशय बोअरच्या जड पाण्यावर होता. मी कंगव्यातले दहा-बारा केस काळ्या कागदावर ठेवून त्यांनाच बघायला लावले. जवळजवळ प्रत्येक केसाच्या एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका ठिपका होता, म्हणजे केस मुळापासून, आपली विश्रांती पुरी करून आलेला होता. जड पाण्याने केस राठ होतात आणि मधेच तुटतात. तुटलेल्या केसाला असा ठिपका नसतो. (बोअरच्या पाण्याला आमच्याकडे इतक्या गोष्टींचा दोष दिला जातो की कधीकधी त्याची बाजू घ्यावीशी वाटते.)

मग प्रश्न तारखांचा आला. गणपतीत केस थोडे वाढले होते, नेहमीसारखेच. खरा लोंढा घटस्थापनेच्या सुमारास सुरू झाला. एकाच हंगामात गळतीच्या अशा दोन सुरुवाती झाल्या, की मी दुसऱ्या सुरुवातीपासून दोन-तीन महिने मागे मोजते. ते मोजणे आषाढात जाऊन थांबले. तेव्हा त्यांना डेंग्यूचा ताप येऊन सहा दिवस दवाखान्यात राहावे लागले होते आणि नंतर तीन आठवडे जेवण जात नव्हते. मोठ्या तापाच्या धक्क्याने वाढीतले बरेच केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. पावसाळी तापांचा हिशेब नेमका ऋतूच्या गळतीवर येऊन पडतो, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

त्वचारोगतज्ज्ञांनी पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हळू ओढून पाहिली, तेव्हा आठ केस हातात आले. सहा किंवा त्याहून जास्त आले तर गळती चालू आहे असे ते धरतात. रक्तात लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन 11 होते, म्हणजे कमीच. ताप हे कारण आणि लोहाची उणीव ही भर, असे निदान करून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, थायरॉइडही तपासून घेतले; ते ठीक होते. चट्टे पडणे, भांग रुंदावत जाणे किंवा सहा महिन्यांपुढे गळती टिकणे यांपैकी काही दिसले तर पुन्हा यायला सांगितले.

संक्रांतीच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा दिवसाला साठच्या आसपास केस जात होते. मात्र कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे केस उभे राहतात, ते तुटलेले असावेत, अशी नवी तक्रार त्यांनी आणली होती. मी भिंगाने पाहिले. टोके बारीक होत गेलेली होती, तुटलेल्या केसासारखी बोथट नव्हती. ते नवे केस होते.