रोजचा ‘शुभ रात्री’ साचेबद्ध होऊ नये म्हणून

नव्याने संदेश पाठवू लागणाऱ्यांनी संध्याकाळचा आणि रात्रीचा संदेश यांची गल्लत करू नये. संध्याकाळी समोरच्याकडे उत्तराला वेळ असतो, म्हणून त्या वेळी एखादा प्रश्न विचारावा. रात्रीच्या संदेशात मात्र प्रश्न नसावा, कारण झोपायला निघालेल्या माणसाला त्यामुळे पुन्हा फोन हाती धरावा लागतो.

समजा, गावी मावशीच्या गुडघ्याला आज डॉक्टरांनी पट्टा दिला आहे. सात वाजता ‘मावशी, पट्टा बांधून जिना चढता आला का?’ असे विचारावे आणि तिने ‘जरा काचतो’ असे कळवले, तर दहाच्या सुमारास ‘पट्टा काढून ठेव आणि निवांत झोप, उद्या दुपारी फोन करते’ एवढेच लिहावे. हा मजकूर दुसऱ्या कोणालाही पाठवता येणार नाही, हीच त्याची खरी कसोटी.

चंद्र-चांदण्यांची आयती चित्रे (आणि त्यांवरचे सुविचार!) शक्यतो टाळावीत, व्हॉट्सॲपवर बरेच फिरलेल्या चित्रावर दुहेरी बाण दिसतो, त्यामुळे ते उष्टे आहे हे लगेच कळते. समोरून केवळ हात जोडल्याची खूण येऊ लागली, की रोजचा नेम मोडून सांगण्यासारखे काही असेल त्याच दिवशी लिहावे.