मोठी बॅग घेताना: कवच, चेन, चाके आणि कुलूप

"ऑगस्टमध्ये पुण्याहून कायमचा अमेरिकेला जात आहे. मुंबई–न्यूअर्क–मिनिआपोलिस असा प्रवास आहे आणि प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतील. बॅगा कडक घ्याव्यात की कापडी? चाके दोन की चार? आणि टीएसएचे कुलूप खरोखर लागते का?"

तुमच्या जागी मी असतो तर दोन्ही मोठ्या बॅगा कापडी घेतल्या असत्या, मात्र जाड कापडाच्या, चार जोडचाकांच्या आणि अंगातच कुलूप बसवलेल्या. त्याआधी मापाचे पाहा, कारण दुकानात बहुतेकांची फसगत तिथेच होते. इकॉनॉमीच्या बॅगेसाठी लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज साधारणपणे १५८ सेंटिमीटरपर्यंत चालते आणि त्या मोजमापात चाके आणि हँडलही धरतात. चिठ्ठीवरचे माप मात्र कधी कधी नुसत्या डब्याचे असते. म्हणून दुकानात टेप घेऊन जा आणि जमिनीपासून मिटलेल्या हँडलच्या टोकापर्यंत मोजा. ७५, ५१ आणि ३१ मिळून १५७ होतात, म्हणजे ती बॅग बसते; ७८, ५२ आणि ३१ झाले की बेरीज १६१ होते. बाजूची चेन उघडून फुगणारी बॅग घेतलीत तर ती फुगवण्याची जागा रिकामीच राहू द्या, कारण त्यातून वाढणारे चार-पाच सेंटिमीटरही मोजले जातात.

कडक बॅगांविषयी माझा आक्षेप त्यांच्या मजबुतीला नाही. चांगल्या पॉलिकार्बोनेटचे कवच दाबले की आत जाते आणि पुन्हा बाहेर येते. स्वस्त एबीएसचे कवच धक्क्याने तडकते, बहुधा चाकाजवळच्या कोपऱ्यात. दुकानात झाकणाच्या मधोमध अंगठ्याने जोर देऊन पाहा: दाबल्या जागी पांढरट वळ राहिला, तर ती बॅग परत ठेवा. खरी अडचण घरी सुरू होते. कडक बॅग पुस्तकासारखी मधोमध उघडते, त्यामुळे एका बॅगेला दोन बॅगांची जमीन लागते, आणि पहिले काही आठवडे तुम्ही एखाद्या छोट्या खोलीत बॅगेतूनच संसार चालवणार आहात. कापडी बॅगेचे झाकण भिंतीला टेकवून उभे करता येते, आणि बाहेरच्या खिशात स्वेटर ठेवला तर विमानतळावर सगळी बॅग उपसावी लागत नाही. पावसात मात्र कापडी बॅग भिजते. ऑगस्टमध्ये मुंबईच्या विमानतळावर सामान उघड्यावर थांबू शकते, म्हणून आतले कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरा. लोणचे नेणार असाल तर तेही, कारण तेल अस्तरात मुरले की त्याचा वास वर्षानुवर्षे जात नाही. माझ्या एका बॅगेत अजून कैरी आहे. काचेची भांडी न्यायची असतील तर एक बॅग कडक घ्यायला हरकत नाही.

बॅगेचे स्वतःचे वजनही त्या २३ किलोंत येते. रिकामी बॅग सव्वाचार किलोची असेल तर तुमच्यासाठी पावणेएकोणीस किलोच उरतात. दुकानात वजन विचारा आणि घरी हातातल्या काट्यावर पडताळून पाहा.

चाकांच्या बाबतीत दोन की चार याचे उत्तर सामानाच्या संख्येवर ठरते. दोन चाकांची बॅग मागे कलवून ओढावी लागते, म्हणजे तिचा काही भार तुमच्या मनगटावर येतो. तिची चाके अर्धी अंगात असल्याने ती कमी तुटतात आणि खडबडीत रस्त्यावर अधिक चांगली चालतात. पण तुम्ही एकटे दोन मोठ्या बॅगा आणि एक छोटी असा लवाजमा घेऊन न्यूअर्कला उतरणार, तिथे बॅगा पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करणार. अशा वेळी दोन उभ्या बॅगा दोन्ही हातांनी शेजारी शेजारी ढकलता येणे फार मोठे सुख आहे. चार चाके घ्याच, पण प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन चकत्या असलेली. बॅग उलटी करून चाक स्क्रूने बसवले आहे की रिव्हेटने, हेही पाहा: स्क्रूचे चाक मिनिआपोलिसमध्येही बदलून मिळेल, रिव्हेटचे मिळणे कठीण. दुकानदाराला आत दोन लहान बॅगा भरायला सांगा आणि बाहेरच्या फूटपाथवर ती बॅग चालवून पाहा. टाइल्सवर प्रत्येक बॅग चांगलीच चालते.

घरातली जुनी बॅग वापरण्याचा विचार असेल तर तिची चाके नखाने खरवडून बघा. माझी बहीण दहा वर्षे माळ्यावर ठेवलेली, जवळजवळ न वापरलेली बॅग घेऊन निघाली आणि मुंबई विमानतळावर चाकांचा रबरासारखा थर बिस्किटासारखा चुरत गेला. तो थर पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिला की तो आपोआप विघटित होतो, बॅग वापरा किंवा वापरू नका.

आता कुलूप. अमेरिकेत जमा केलेली बॅग उघडून तपासण्याचा अधिकार टीएसएला, म्हणजे तिथल्या विमानतळांवरच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेला आहे, आणि २००३ पासून लाल चौकटीच्या खुणेची कुलपे त्यांच्याकडच्या किल्लीने उघडता येतात. साधे कुलूप असेल तर ते तोडले जाऊ शकते. न्यूअर्कहून पुढे जाताना तुमच्या बॅगा याच तपासणीतून जातील. बॅग उघडली असेल तर आत एक छापील चिठ्ठी मिळते. त्या कुलपाच्या भोकाची किल्ली तुम्हाला मिळत नाही, दुकानदाराशी त्यावरून भांडू नका. तुमच्याकडे फक्त आकडे असतात. २०१५ मध्ये या किल्ल्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि लोकांनी त्यांच्या नकला तयार केल्या, त्यामुळे हे कुलूप तिजोरीचे नाही हे गृहीत धरा.

पण चोराला किल्लीची गरजच नसते. बॉलपेनचे टोक चेनच्या दातांच्या मधोमध दाबले की साधी चेन फाकते, आणि नंतर कुलूप लावलेल्या दोन्ही सरकपट्ट्या तिच्यावरून एकदा फिरवल्या की ती पुन्हा मिटते. बॅग उघडली गेली होती हे तुम्हाला कळतही नाही. लोंबणारे कुलूप लावले तर सरकपट्ट्या मोकळ्या फिरतात, म्हणून मी अंगातल्या कुलपाचा आग्रह धरतो: त्यात सरकपट्ट्या अडकून राहतात आणि फाकलेली चेन पुन्हा मिटवता येत नाही, म्हणजे निदान छेडछाड दिसते. लोंबणारेच कुलूप असेल तर ते सरकपट्ट्यांसह बाजूच्या हँडलच्या कडीत अडकवा. शक्य असेल तर दातांच्या दोन ओळींची चेन घ्या.

बॅगा मिळाल्यावर पट्ट्याजवळच चाके, हँडल आणि चेन तपासा आणि काही तुटले असेल तर विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर नोंद करून तिची प्रत घ्या. माझ्या एका बॅगेचे चाक तुटले होते, ते मी घरी आल्यावर पाहिले आणि नवव्या दिवशी पत्र पाठवले. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते, त्यामुळे नवे चाक मला माझ्याच पैशांनी बसवावे लागले.